सही नसलेले जामीनदार

कर्ज देणारं ॲप मोबाइलमध्ये घेतलं की पहिल्या दोन-तीन मिनिटांत दोन पाट्या समोर येतात. एक विचारते, या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट वापरू द्यायचे का? दुसरी विचारते, एसएमएस पाठवू आणि पाहू द्यायचे का? खाली दोन बटणं, Allow आणि Don't allow. आपल्या वस्तीतली, होस्टेलमधली, अभ्यासिकेतली बहुतेक पोरं पहिलं बटण दाबून मोकळी होतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "माझ्या मोबाइलमध्ये लपवण्यासारखं आहे काय?"

या उत्तराशी माझं भांडण आहे. लपवण्यासारखं काही नसेलही. पण कॉन्टॅक्टची यादी 'माझी' आहे हे गृहीतकच मला मान्य नाही. मोबाइल माझा, सिम माझं, रिचार्ज मी मारलेला. आतले सहाशे नंबर मात्र सहाशे माणसांचे आहेत. सावकाराकडे जाताना आपला आजोबा शेत किंवा भांडी तारण ठेवायचा आणि जामीन म्हणून एखाद्या भावकीतल्या माणसाला सोबत न्यायचा. त्या माणसाचा अंगठा कागदावर उमटायचा, म्हणजे आपण कशात अडकतोय हे त्याला निदान माहीत तरी असायचं. इथे एका बोटाच्या दाबाने सहाशे जामीनदार उभे राहतात आणि एकाचीही सही घेतलेली नसते.

एक उदाहरण नीट सोडवून पाहू. समजा, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आपला एक मुलगा आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला, मेस आणि खोलीभाडं थकलं. त्याने ॲपवरून ६,००० रुपये मागितले. 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली २,१०० कापून हातात आले ३,९०० आणि सात दिवसांनी परत करायचे पूर्ण ६,०००. म्हणजे ३,९०० वर आठवड्याला २,१००, साधारण ५४ टक्के. वर्षाला नव्हे, आठवड्याला. सातव्या दिवशी पैसे नाहीत. आठव्या दिवशी फोन सुरू होतात, आणि ते त्याला एकट्याला येत नाहीत.

ते कोणाला जातात, हे त्याने ज्या नावाने नंबर सेव्ह केलेत त्यावर ठरतं. आता त्याची यादी डोळ्यांसमोर आणा. 'आई', 'दाजी', 'घरमालक काका', 'सर लायब्ररी', 'जयंती वर्गणी', 'बौद्धाचार्य', 'विहार चावी', 'समाजकल्याण क्लार्क', 'वकील ॲट्रॉसिटी केस'. परवानगी दिल्याबरोबर ॲपला नंबर तर मिळतातच, पण ही नावंही जशीच्या तशी मिळतात. वसुलीवाल्याला वेगळा शोध घ्यावा लागत नाही. आई कोण, घरमालक कोण आणि कोणाला फोन केला की पोरगा घाबरेल, हे त्याच्यासमोर लिहिलेलं असतं. आणि जात? ती तर या यादीत उघडी बसलेली असते. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव सांगताना अडखळणारी आपली पोरं आहेत. घरमालकाला जे कळू दिलं नाही, ते एका अनोळखी कंपनीच्या संगणकात 'विहार चावी' या दोन शब्दांत जाऊन पडतं, आणि उद्या तिचाच माणूस त्या घरमालकाला फोन करतो.

हे काल्पनिक भय नाही. २०२० च्या अखेरीस हैदराबादेत अशा ॲपवाल्यांच्या छळाने आत्महत्या झाल्या, पोलिसांनी अटका केल्या, तेव्हा कुठे देशाचं लक्ष गेलं. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्यगट नेमला. त्याच्या पाहणीत निरनिराळ्या ॲप स्टोअरवर सुमारे १,१०० कर्ज-ॲप सापडली आणि त्यातली सुमारे ६०० बेकायदेशीर निघाली. या धंद्यात तारण म्हणून दागिना लागत नाही की सात-बारा लागत नाही. माणसाची अब्रू लागते, आणि अब्रू ज्यांच्यासमोर जाईल त्या माणसांचे नंबर लागतात. ज्यांच्याकडे बँकेला दाखवायला मालमत्ता नाही तोच वर्ग या ॲपकडे जातो. तो कोणता वर्ग आहे हे आपल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

मग परवानगी वाजवी की गैरवाजवी हे ठरवायचं कसं? माझ्या मते प्रश्न साधा ठेवावा : मी या ॲपकडे जे काम घेऊन आलोय, ते ही परवानगी नसेल तर अडतं का? कर्ज देणाऱ्याला माझी ओळख, माझं उत्पन्न आणि माझं बँक खातं माहीत असणं भाग आहे. माझ्या मावशीचा नंबर कळल्याने माझी परतफेडीची ताकद वाढत नाही. कोणी म्हणेल, संदर्भासाठी ओळखीची माणसं लागतातच की. लागू देत. दोन माणसांची नावं-नंबर टाइप करायला सांगा. मी त्या दोघांना आधी फोन करून विचारीन आणि मगच भरीन. दोन नंबर हाताने देणं आणि सहाशे नंबर न विचारता उचलणं यात तेवढंच अंतर आहे जेवढं जामीन राहणं आणि ओलीस धरलं जाणं यात आहे.

एसएमएसचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे ॲपवाला खरं कारण पुढे करू शकतो. पहिलं कारण ओटीपी. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून संदेश पाहू द्या, असं सांगतात. हे कारण टिकत नाही. ॲपला फक्त त्याच्यासाठी आलेला ओटीपीचा एकच संदेश मिळावा, बाकी इनबॉक्सला हात लागू नये, अशी सोय अँड्रॉइडमध्येच आहे आणि तिला ही परवानगी लागत नाही. तेही नको असेल तर सहा आकडे हाताने टाइप करायला सहा सेकंद लागतात.

दुसरं कारण यूपीआयचं, आणि ते खरं आहे. यूपीआय ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो. खात्याशी जोडलेला नंबर याच मोबाइलमध्ये आहे याची ती खात्री असते. हे झाल्याशिवाय काम पुढे जातच नाही. म्हणून तिथे एसएमएसची परवानगी मागणं मला वाजवी वाटतं. गोची अशी की 'पाठवणं' आणि 'वाचणं' या दोन्हींसाठी अँड्रॉइड एकच पाटी दाखवतो, त्यामुळे पाठवण्याची गरज असलेल्या ॲपलाही आपण वाचण्याचं दार उघडून देतो. नंबर जोडून झाला की सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून घेता येते. पैसे पाठवणं त्याने सहसा थांबत नाही. त्याच यूपीआय ॲपने मागितलेले कॉन्टॅक्ट मात्र निव्वळ सोयीसाठी असतात. नंबर टाइप करा किंवा क्यूआर स्कॅन करा, काम होतं.

तिसरं कारण कर्ज-ॲपवाल्यांचं. बँकेचे जमा-खर्चाचे संदेश वाचून आम्ही तुमची पत ठरवतो, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाची कमाई त्या संदेशांतून दिसते, आणि गूगलच्या धोरणातही पैशांच्या हिशेबाशी संबंधित काही कामांसाठी एसएमएसला अपवाद ठेवलेला आहे. पण इनबॉक्समध्ये बँकेचेच संदेश असतात का? त्याच यादीत महाडीबीटीचा अर्ज 'त्रुटीत' निघाल्याचा संदेश आहे, जात पडताळणीचा आहे, सरकारी दवाखान्यातल्या तपासणीचा आहे, दुसऱ्या बँकेचा ओटीपी आहे. ॲप सांगतं की आम्ही फक्त बँकेचे वाचतो. मोबाइल मात्र सगळे वाचायची मुभा देतो. फक्त या प्रकारचे वाच, अमुक तारखेपर्यंत वाच, असं सांगायला पाटीवर जागाच नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन यांना 'फक्त या वेळेपुरतं' असा पर्याय असतो. कॉन्टॅक्ट आणि एसएमएसला तो नसतो.

इथे एक कसोटी मला फार उपयोगी वाटते. हेच ॲप आयफोनवर आहे का, ते पाहावं. ॲपल कोणत्याही बाहेरच्या ॲपला इनबॉक्समधले एसएमएस वाचूच देत नाही, तशी परवानगीच तिथे नाही. तरीही तीच कर्ज-ॲप, तीच यूपीआय ॲप आयफोनवर चालतात. म्हणजे पन्नास-साठ हजारांचा फोन बाळगणाऱ्याला इनबॉक्स न उघडता कर्ज मिळू शकतं आणि आठ हजारांचा अँड्रॉइड बाळगणाऱ्याला आधी इनबॉक्स उघडावा लागतो. याला तांत्रिक गरज म्हणायचं? ज्याच्याकडून मागता येतं त्याच्याकडून मागितलं, एवढंच. बँक खात्याचा तपशील ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक कामासाठी देता यावा आणि संमती मागे घेता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' नावाची व्यवस्थाही उभी केलेली आहे. नाहीतर खात्याचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये देता येतं. रस्ते आहेत. इनबॉक्सचा रस्ता त्यांना स्वस्त पडतो.

आता नियमांकडे येऊ, कारण आपली चळवळ कागदावर लढायला शिकलेली चळवळ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले. त्यात स्पष्ट आहे की कर्ज-ॲपने मोबाइलमधल्या फाइली, कॉन्टॅक्ट यादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलंच तर ओळख पटवण्यापुरतं, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. मे २०२५ च्या नव्या निर्देशांतही हे कायम राहिलं. गूगलने ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज-ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो घ्यायला मनाई केली. म्हणून आज एखादं कर्ज-ॲप कॉन्टॅक्टची पाटी दाखवत असेल तर वाजवी-गैरवाजवीची चर्चा करत बसायचं कारणच उरत नाही. ते ॲप नियम मोडतंय, आणि जो पहिल्या पाटीवरच नियम मोडतो तो वसुलीच्या दिवशी पाळणार नाही. एसएमएसचा उल्लेख रिझर्व्ह बँकेच्या त्या यादीत नावानिशी नाही. तिथे फट आहे, आणि मघाशी सांगितलेला सगळा खेळ त्या फटीतून चालतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर आपलाच प्रश्न उदाहरण म्हणून छापलेला आहे. कलम ६ खाली दिलंय : एक बाई टेलिमेडिसिनचं ॲप घेते, ॲप उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत कॉन्टॅक्टची यादीही मागतं, बाई दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, डॉक्टरी सल्ल्यासाठी कॉन्टॅक्टची यादी गरजेची नाही, म्हणून तिने 'हो' म्हटलं तरी ते 'हो' उपचाराच्या माहितीपुरतंच धरलं जाईल. नीट वाचा. बटण दाबलं म्हणजे विषय संपला, हे कंपनीचं म्हणणं कायद्यालाच मान्य नाही. संमती कामापुरती असते. अर्थात कायदा होणं आणि तो हाती लागणं यात आपल्याकडे कायम अंतर असतं. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.

या प्रश्नाला आपल्या बाजूने एक जुनं सूत्रही आहे, जे आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेच्या समितीपुढे मूलभूत हक्कांचा जो मसुदा ठेवला, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' म्हणून आपण तो ओळखतो, त्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती वा जप्ती होऊ नये असा हक्क मागितला होता. अंतिम संविधानात ते कलम स्वतंत्रपणे आलं नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. बाबासाहेबांनी 'कागदपत्रं' म्हटलं तेव्हा त्यांच्यासमोर कपाट होतं. आपलं कपाट खिशात आहे. आणि झडती घ्यायला आता पोलीसच यावा लागतो असं नाही.

"पण गरज असताना कोण वाचत बसतं ताई?" हा प्रश्न मला नेहमी येतो आणि तो खरा आहे. भाड्यासाठी तगादा लागलेल्या मुलाला कलम ६ ऐकवून काय उपयोग? म्हणून मी एकच गोष्ट सांगते. आधी 'नाही' दाबा. 'नाही' कधीही 'हो' करता येतं. 'हो' मात्र परत फिरवता येत नाही. सेटिंगमधून परवानगी काढली, ॲप उडवलं, तरी गेलेली यादी गेलीच, फक्त पुढची चोरी थांबते. आणि नकार दिल्यावर ॲप कसं वागतं तेही पाहा. काम पुढे चाललं तर ती परवानगी लागतच नव्हती. पाटी पुन्हा आली तर पुन्हा नाही म्हणा. नव्या अँड्रॉइडमध्ये दोनदा नकार दिला की ॲपला ती पाटी परत दाखवता येत नाही. मग ते तुम्हाला सेटिंगमध्ये पाठवायला बघतं. कर्ज-ॲप तिथपर्यंत हट्ट करू लागलं की त्याला जे हवंय ते व्याज नाही, हे समजून घ्या.

एक बारकावा राहिला. मोबाइलची पाटी येण्याआधी ॲप स्वतःची रंगीत पाटी दाखवतं : 'तुमची माहिती १००% सुरक्षित', 'आरबीआय मान्य'. ती जाहिरात आहे. प्ले स्टोअरवरचा 'Data safety' हा भागही ॲप बनवणाऱ्यानेच भरलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बँका आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या कर्ज-ॲपची यादी जुलै २०२५ पासून आहे. तिथे नाव नसलेल्या ॲपच्या वाटेला जाऊच नये. नाव आहे म्हणून ते चांगलंच, असाही अर्थ नाही. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल एसएमएसची परवानगी मागत असेल तर तिथे विचार करायचा प्रश्नच नाही. लग्नपत्रिकेला तुमचा ओटीपी कशाला हवा?

कार्यकर्त्यांशी मात्र थोडं कडक बोलणार आहे. तुमच्या मोबाइलमध्ये ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीचा नंबर असतो, साक्षीदाराचा असतो, आंतरजातीय लग्न करून गाव सोडलेल्या जोडप्याचा नवा नंबर असतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ खाली विशेष न्यायालय साक्षीदाराचं नाव-पत्ता झाकून ठेवण्याचा आदेश देऊ शकतं. तो आदेश मिळवायला आपण तारखा घालवतो आणि तोच नंबर 'साक्षीदार' अशा नावाने सेव्ह करून कुठल्या तरी फोटो सजवायच्या ॲपला देऊन टाकतो. अशी नावं तरी बदला. शक्य असेल तर ही माणसं कॉन्टॅक्टमध्ये ठेवूच नका, डायरीत ठेवा.

आणि आपलीच ॲप? समाजाची डिरेक्टरी, वधू-वर सूचक मंडळ, सभासद नोंदणी, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, अशी ॲप आता आपले तरुणही बनवतात, आणि चांगली बनवतात. त्यातल्या काहींवरही कॉन्टॅक्टची पाटी येते, कारण 'मित्रांना बोलवा' ही सोय टाकायची असते. त्यासाठी पूर्ण यादी लागत नाही. वापरणाऱ्याला मोबाइलच्याच यादीतून एक नाव निवडू देता येतं आणि ॲपला तेवढंच नाव मिळतं. नाहीतर एक लिंक द्या, ज्याला पाठवायची तो पाठवेल. वधू-वर ॲपने हजारो बौद्ध कुटुंबांचे नंबर एका सर्व्हरवर गोळा करायचे, आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे हे मंडळाच्या बैठकीत कोणी विचारायचं नाही, हे मला धोक्याचं वाटतं. निवडणुकीच्या महिन्यात त्या यादीला कोण गिऱ्हाईक येईल याचा अंदाज करायला राजकारणातला जाणकार लागत नाही. पुढच्या बैठकीत 'आपलं ॲप' हा विषय निघाला तर ॲप बनवणाऱ्या मुलाला एवढंच विचारा की कॉन्टॅक्टची परवानगी काढून टाकली तर यातलं नेमकं काय बंद पडेल.

ज्यांनी आधीच 'हो' दाबलंय आणि फोन सुरू झालेत, त्यांनी ॲप उडवण्याआधी स्क्रीनशॉट काढावेत : कर्जाची रक्कम, हातात आलेली रक्कम, धमकीचे संदेश, ज्या नंबरवरून फोन आले ते नंबर. मग १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करावी. ॲपमागे नोंदणीकृत वित्तसंस्था असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावं आणि तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हे सगळं करण्याच्या आधी, त्याच संध्याकाळी, यादीतल्या जवळच्या माणसांना स्वतः फोन करून सांगावं की माझ्या नावाने असा फोन येईल, घाबरू नका, पैसे भरू नका. वसुलीवाल्याचा पूर्ण धंदा त्या माणसांना बातमी त्याच्याकडून आधी कळण्यावर चालतो.